वर्षाने स्वतःच्याच हाती पडणारं पत्र: करिअरच्या ध्येयाच्या वर्षपूर्तीसाठी ते कसं लिहावं आणि कसं पाठवावं

भोसरीच्या एमआयडीसीत असा एक मुलगा आहे असं समजा. आयटीआय झालेला, चार वर्षं व्हीएमसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या धातू कापायच्या मशीनवर, ऑपरेटर. जॉब लावणं, टूल बदलणं, ऑफसेट देणं, पहिला पीस क्वालिटीकडून ओके करून घेणं, हे सगळं त्याला येतं. प्रोग्राम मात्र दुसरा कोणीतरी लिहून देतो. तीन वर्षांत आपण प्रोग्रामर व्हायचं, असं त्याने ठरवलं आणि 12 जूनला, आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी, सीएनसी प्रोग्रामिंगच्या क्लासची फी भरली. पुढच्या वर्षी 12 जूनला त्याला स्वतःचंच पत्र मिळणार आहे. त्या पत्रात काय असावं, ते वेळेवर कसं पोहोचेल आणि मिळाल्यावर त्याचं काय करायचं, हे याच मुलाच्या उदाहरणावरून सविस्तर पाहू. तुम्ही नर्स असा, लेखापाल असा की शिक्षक, पद्धत हीच आहे. फक्त मशीनच्या जागी तुमचं काम येईल.

पत्राचं खरं काम कोणतं

अशी पत्रं बहुतेक वेळा शुभेच्छांनी भरलेली असतात. “तू आता कुठल्या कुठे पोहोचला असशील” छापाची वाक्यं लिहायला बरी वाटतात, पण वर्षाने वाचणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. वाचणाऱ्याला हवी असते ती गेल्या वर्षीची खरी परिस्थिती, कारण ती त्याच्याकडे उरलेलीच नसते.

बारूख फिशहॉफ आणि रूथ बेथ यांनी 1975 मध्ये प्रसिद्ध केलेला एक अभ्यास इथे नेमका लागू पडतो. 1972 साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर जाणार होते. या दौऱ्यांत काय काय घडेल आणि ते घडण्याची शक्यता किती, असं विद्यार्थ्यांना आधी विचारलं गेलं. दौरे उरकल्यावर त्यांना स्वतःचेच जुने आकडे आठवून सांगायला सांगितलं. ज्या गोष्टी घडल्या असं त्यांना वाटत होतं, त्यांना आपण आधीच जास्त शक्यता दिली होती, असं ते सांगू लागले. ते खोटं बोलत नव्हते. आठवणच निकालाच्या बाजूने सरकली होती.

करिअरमध्ये हेच रोज घडतं. प्रमोशन मिळालं की “मला माहीतच होतं” आणि नाही मिळालं की “तिथे काही होणार नव्हतंच, मी आधीपासून म्हणत होतो.” दोन्ही वेळा शिकण्यासारखं काही उरत नाही, कारण अंदाज चुकला होता हेच कळत नाही. म्हणून पत्राचं काम एकच: आजचा तुम्ही काय जाणता, काय मानता आणि किती खात्रीने मानता, हे तुमच्या पुढच्या आठवणीपासून वाचवून ठेवणं.

तारीख कोणती धरायची

ध्येय मनात कधी आलं, ती तारीख धरू नका. ती कुणालाच नक्की सांगता येत नाही. ज्या दिवशी मागे फिरणं जड जाईल असं काहीतरी केलं, तो दिवस धरा: फी भरली, परीक्षेचा अर्ज केला, साहेबांना तोंडावर सांगितलं, नोकरीचा राजीनामा दिला. आपल्या मुलासाठी तो 12 जून. त्या दिवसाचा पुरावाही असतो. क्लासची पावती थर्मल कागदावर छापलेली असेल तर लगेच तिचा फोटो काढून ठेवा, वर्षभरात ती पांढरी होऊन जाते.

एका बाबतीत मात्र तारखेशी अडून बसू नका. तुमच्याकडे पगारवाढीचं मूल्यमापन एप्रिलमध्ये होत असेल आणि वर्षपूर्ती मे महिन्यात येत असेल, तर पत्र म्हणजे वरातीमागून घोडं. अशा वेळी मुख्य पत्र वर्षपूर्तीलाच येऊ द्या आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात येईल अशी एक चार ओळींची वेगळी मेल लावा. मूल्यमापनात काय मागायचं, एवढंच त्यात लिहा. 29 फेब्रुवारी असेल तर 28 धरा, नाहीतर कॅलेंडरमधली वार्षिक आठवण चार वर्षांनीच उगवेल.

लिहिण्याआधी: स्वतःची एक चाचणी

हा टप्पा सगळे गाळतात. माझ्या मते पत्राचं निम्मं मोल यातच आहे. “मला प्रोग्रामिंग थोडंफार येतं” असं लिहिलं तर वर्षाने तुलना कशाशी करणार? म्हणून पत्र लिहायच्या आठवड्यात एक ठरावीक काम करून बघा आणि त्याचा निकाल नोंदवा. वर्षाने तेच काम, त्याच अटींवर, पुन्हा करायचं.

आपल्या मुलाने असं काम निवडलं: 120 बाय 80 मिलिमीटरची अॅल्युमिनियमची प्लेट. मध्ये 60 बाय 40 चा 8 मिलिमीटर खोल पॉकेट, कोपऱ्यांना 6 चा रेडियस. चार कोपऱ्यांत एम10 टॅपिंगसाठी 8.5 ची चार भोकं. ड्रॉइंग समोर ठेवून प्रोग्राम हाताने लिहायचा, कुणाला विचारायचं नाही, जुना प्रोग्राम उघडायचा नाही. मग सिम्युलेटरवर चालवून चुका मोजायच्या.

त्याला लागले 2 तास 40 मिनिटं आणि सापडल्या तीन चुका. एका टूलला `G43` द्यायचं राहिलं, म्हणजे टूलची लांबी धरलीच गेली नाही आणि खऱ्या मशीनवर ते टूल थेट जॉबवर आदळलं असतं. टूलच्या जाडीचा हिशोब धरणारं `G41` लावताना टूलला आत शिरायला सरळ जागा दिली नाही. आणि एका ठिकाणी खोलीच्या आकड्यापुढचं उणे चिन्ह सुटलं. या तीन ओळी पत्रात गेल्या की “थोडंफार येतं” याला काहीतरी अर्थ आला.

तुमच्या कामात अशी चाचणी शोधताना तीन गोष्टी बघा. ती एका बैठकीत संपावी, दुसऱ्या कुणाच्या मर्जीवर अवलंबून नसावी आणि निकाल मोजता यावा. जर्मन शिकणाऱ्या नर्ससाठी जुन्या नमुना परीक्षेतला ऐकण्याचा भाग चालेल. लेखापालासाठी एका छोट्या धंद्याच्या कागदांवरून महिन्याचं जीएसटी विवरण तयार करणं चालेल. कामाचे मूळ कागद, म्हणजे ड्रॉइंग किंवा प्रश्नपत्रिका, पत्रासोबतच जोडा. कंपनीचं ड्रॉइंग मात्र जोडू नका, ते गोपनीय असतं. स्वतः काढलेलं साधं ड्रॉइंग पुरतं.

पत्रात काय लिहायचं

पहिला भाग आजच्या वस्तुस्थितीचा. पगार हातात किती येतो, काम काय करतो, कोणत्या गोष्टीसाठी कुणावर अवलंबून आहे, चाचणीचा निकाल काय. इथे विशेषणं नकोत. “साहेब चांगले नाहीत” असं लिहू नका. “गेल्या सहा महिन्यांत दोनदा प्रोग्राम एडिट करू द्या म्हणालो, दोन्ही वेळा नाही म्हणाले” असं लिहा.

दुसरा भाग अंदाजांचा. चार-पाच विधानं, प्रत्येकासमोर टक्के. विधान असं हवं की वर्षाने तिऱ्हाईत माणूसही हो की नाही सांगू शकेल. “मी प्रगती केली असेल” याचा निकाल लागत नाही. “पगार 24,000 च्या वर गेला असेल” याचा लागतो. टक्के लिहायला अवघड वाटतात, पण तेच आठवणीला धरून ठेवतात. “बहुतेक होईल” हे नंतर कसंही वाकवता येतं, 35 टक्के वाकवता येत नाहीत.

वेळेचा अंदाज लिहिताना दोन तारखा लिहा: एक तुम्हाला वाटते ती आणि दुसरी, सगळं बिघडलं तर येईल ती. रॉजर ब्यूलर आणि सहकाऱ्यांच्या 1994 च्या अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी 34 दिवस लागतील असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात सरासरी 55 हून जास्त लागले. सगळंच बिघडलं तर किती लागतील, असंही त्यांना विचारलं होतं. तो अंदाज होता सुमारे 49, म्हणजे तोही कमीच पडला. तेव्हा तुमची दुसरी तारीख लिहून झाली की ती आणखी थोडी पुढे ढकला.

तिसरा भाग कारणांचा. हे ध्येय का घेतलं आणि त्यासाठी काय सोडलं. यातलं “काय सोडलं” फार महत्त्वाचं आहे. वर्षाने क्लासचे पैसे आठवतात, पण रविवारचा ओव्हरटाइम सोडला होता, गावच्या जत्रेला गेलो नव्हतो, बहिणीच्या लग्नाआधी सुट्ट्या वाचवून ठेवल्या होत्या, हे विसरलं जातं. पुढचं वर्ष याच वाटेवर घालवायचं की नाही हे ठरवताना खर्चाचा हा भाग समोर असायला हवा.

चौथा भाग निर्णयाच्या अटींचा, आणि हा शांतपणे, वेळ घेऊन लिहा. यात दोन मोजमापं वेगळी ठेवायची: एक फक्त तुमच्या हातातलं आणि एक दुसऱ्यांच्या हातातलं. आपल्या मुलासाठी पहिलं म्हणजे चाचणीला लागणारा वेळ आणि चुका. दुसरं म्हणजे कंपनीत त्याने लिहिलेले किती प्रोग्राम मशीनवर चालले. ही दोन मापं एकत्र ठेवली की अडचण कुठे आहे ते दिसतं. चाचणी एका तासात, बिनचूक होतेय पण कंपनीत एकही प्रोग्राम दिला जात नाही, तर अडचण कौशल्यात नाही, जागेत आहे. अशा वेळी आणखी एका क्लासला पैसे भरणं व्यर्थ आहे, दुसरी कंपनी शोधायला हवी. उलट चाचणीलाच अजून दोन तासांवर लागत असतील, तर नोकरी बदलून काही होणार नाही, सराव कमी पडतोय. अपयश आलं की लोक बहुधा चुकीचा उपाय धरतात, कारण ही दोन कारणं मनात एकत्र झालेली असतात. म्हणून कोणत्या निकालाला कोणता निर्णय, हे आजच लिहून ठेवा, डोकं शांत असताना.

सूर कसा असावा? स्वतःला “तू” म्हणा. टोमणे नकोत, धमक्या नकोत. हे पत्र वाईट दिवशीही उघडलं जाऊ शकतं. मधल्या काळात नोकरी गेली असेल, घरात आजारपण झालं असेल किंवा ध्येयच बदललं असेल. त्यासाठी पहिल्याच परिच्छेदात एक वाट ठेवा: हे सोडून दिलं असशील तर फक्त शेवटचा भाग वाच आणि का सोडलंस ते दोन ओळीत लिहून ठेव.

एक पूर्ण नमुना

> 12 जून
>
> तुला,
>
> मध्ये काही मोठं घडलं असेल आणि हा नाद तू सोडला असशील, तर थेट शेवटच्या परिच्छेदावर जा. बाकीचं वाचण्याची सक्ती नाही.
>
> आज क्लासची फी भरली. पगार हातात 19,500 येतो. दोन व्हीएमसी बघतो. ऑफसेट, टूल सेटिंग स्वतः करतो. प्रोग्राममधला फीड किंवा स्पीड बदलायचा असेल तर प्रोग्रामर दादांना बोलवावं लागतं, पॅनेलची एडिटची चावी त्यांच्याकडे असते. तिसऱ्या पाळीला ते नसतात, तेव्हा मशीन थांबवून सकाळची वाट बघतो. मार्चपासून असं बऱ्याचदा झालं.
>
> रविवारी प्लेटची चाचणी केली. 2 तास 40 मिनिटं, तीन चुका: `G43` राहिलं, `G41` ला आत यायला जागा दिली नाही, एका खोलीचं उणे चिन्ह सुटलं. ड्रॉइंग सोबत आहे.
>
> माझे अंदाज. क्लास सप्टेंबरअखेर पूर्ण होईल: 70 टक्के. फारच लांबला तर डिसेंबर. तीच प्लेट एका तासात बिनचूक लिहीन: 80 टक्के. कंपनीत मी लिहिलेले किमान 10 प्रोग्राम चालले असतील: 50 टक्के. माझं पद प्रोग्रामर झालं असेल: 20 टक्के. पगार 24,000 च्या वर: 35 टक्के.
>
> हे का करतोय? मशीनसमोर बारा तास उभं राहणं चाळिशीनंतर जमणार नाही, हे बाबांच्या गुडघ्यांकडे बघून कळतंय. आणि खरं सांगायचं तर ते कोड वाचताना मला मजा येते. यासाठी रविवारचा ओव्हरटाइम सोडलाय, महिन्याला साधारण 2,500 रुपये कमी. आईला सांगितलंय, ती काही बोलली नाही, पण घरखर्चात ते जाणवतं.
>
> आज या गोष्टी मी खऱ्या धरून चाललोय: दादा मला शिकवतील, आणि कंपनी बाहेरचा प्रोग्रामर आणण्याऐवजी आतला माणूस घेईल. दुसऱ्या गोष्टीची मला फारशी खात्री नाही.
>
> आता निर्णय. प्लेट एका तासात झाली आणि कंपनीत 10 प्रोग्राम चालले, तर पुढच्या वर्षी कॅम सॉफ्टवेअर शिक. प्लेट झाली पण कंपनीत काहीच मिळालं नाही, तर नवा क्लास लावू नकोस, ऑगस्टअखेर तीन ठिकाणी मुलाखत दे. प्लेटला दोन तासांवर लागले, तर नोकरीला हात लावू नकोस, आठवड्याला दोन ड्रॉइंग सोडव आणि सहा महिन्यांनी पुन्हा चाचणी कर. वेळ या दोन्हींच्या मध्ये आला, तर तीन महिने सराव कर आणि मग ठरव.
>
> शेवटचं. हे सोडलं असशील तर चुकलंस असं मी आज म्हणू शकत नाही, मला तुझं वर्ष माहीत नाही. फक्त कारण लिहून ठेव आणि सोडलेला ओव्हरटाइम पुन्हा सुरू करता येतो का ते विचार.

यात “या गोष्टी मी खऱ्या धरून चाललोय” हा परिच्छेद बघा. ध्येयं बहुतेक वेळा आळसामुळे मोडत नाहीत. कुठेतरी गृहीत धरलेली एखादी गोष्ट खोटी निघते आणि तिथे घोडं अडतं. ती गोष्ट नावानिशी लिहिलेली असली की वर्षाने बोट ठेवता येतं.

पाठवण्याची व्यवस्था

सोपा आणि पुरेसा मार्ग जीमेलचा आहे. संगणकावर नवीन मेल उघडा, पत्ता स्वतःचाच टाका, पत्र लिहा. `Send` शेजारचा बाण दाबा, `Schedule send` निवडा, मग `Pick date & time` मध्ये पुढच्या वर्षाची तारीख आणि वेळ द्या. फोनवर हाच पर्याय मेल लिहिताना वरच्या तीन टिंबांत मिळतो. 2019 पासून ही सोय आहे आणि तारीख कितीतरी वर्षं पुढची देता येते. लावलेलं पत्र `Scheduled` या कप्प्यात दिसतं. वर्षाचा आकडा तिथे एकदा नीट वाचा. चालू वर्षच राहून जाणं ही नेहमीची चूक आहे.

खरं पत्र लावण्याआधी दहा मिनिटांनंतरची एक चाचणी मेल स्वतःला लावून बघा. ती इनबॉक्समध्ये कशी दिसते, सूचना वाजते का, की दुसऱ्या कुठल्या टॅबमध्ये जाऊन बसते, हे लगेच कळेल. विषयाची ओळ ओळखू येईल अशी द्या: “प्रोग्रामर, वर्ष 1, आधी कोरा कागद घे.” या शेवटच्या शब्दांचं कारण पुढे येतं.

वेळ कामाच्या मधली देऊ नका. पाळ्यांमध्ये काम करणाऱ्याला वर्षभर आधी आपली पाळी माहीत नसते, म्हणून सकाळी सहाची वेळ द्यावी आणि वाचायचं मात्र त्या आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी. मेल सकाळी आली म्हणून जेवणाच्या सुट्टीत उभ्या उभ्या वाचली, तर सगळं वाया जातं.

आता बिघडू शकणाऱ्या गोष्टी. पहिली आणि सगळ्यांत मोठी: कंपनीच्या मेलवरून पत्र लावणं. नोकरी सुटली की तो पत्ता बंद होतो आणि नेमकं जेव्हा पत्राची गरज असते तेव्हाच ते मिळत नाही. शिवाय पगाराबद्दल, साहेबांबद्दल लिहिलेलं कंपनीच्या खात्यात राहतं. खासगी खातंच वापरा. दुसरी: लावलेलं पत्र मध्येच उघडून `Cancel send` दाबणं. तसं केलं की पत्र मसुद्यांत जाऊन पडतं आणि पुन्हा तारीख दिल्याशिवाय जात नाही. “एक शब्द बदलतो” म्हणून उघडलेलं पत्र असंच हरवतं. तिसरी: खास या पत्रांसाठी वेगळं खातं काढणं. गूगलच्या नियमाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं खातं काढून टाकलं जाऊ शकतं, म्हणून रोजच्या वापरातलंच खातं घ्या.

पासवर्ड, बँकेचे आकडे, दुसऱ्या कुणाची खासगी गोष्ट पत्रात नको. ड्रॉइंग किंवा पावती ही लिंक न देता फाइल म्हणूनच जोडा. लिंक वर्षाने उघडेलच असं नाही.

भविष्यातल्या तारखेला पत्र पोहोचवणाऱ्या स्वतंत्र वेबसाइटही आहेत, `futureme.org` त्यातली जुनी, 2002 पासूनची. त्यांचा एक फायदा आहे: पत्र तुमच्या रोजच्या मेलबॉक्समध्ये पडून राहत नाही, त्यामुळे मध्येच वाचण्याचा मोह होत नाही. तिथे नंतर मेलचा पत्ता बदलला तर तो साइटवर बदलायचं लक्षात ठेवावं लागतं. मला स्वतःला दुहेरी व्यवस्था आवडते: जीमेलमध्ये पत्र आणि कॅलेंडरमध्ये 12 जूनला दरवर्षी येणारी एक नोंद, “पत्र आलं का?” एक चुकलं तरी दुसरं सांभाळतं.

कागदावरच लिहायचं असेल तर बंद पाकीट अशा माणसाकडे द्या जो तुमच्या ध्येयात गुंतलेला नाही. पाकिटावर उघडायची तारीख मोठ्या अक्षरात लिहा आणि त्याच्याही फोनमध्ये आठवण लावा. प्रोग्रामर दादांकडे मात्र देऊ नका.

मध्येच काही बदललं तर

पत्रात हात घालायचा नाही. नोव्हेंबरमध्ये कंपनी बदलली, क्लास बंद पडला, नवी मशीन आली, तर त्याच तारखेला, पाच मिनिटं उशिराची वेळ देऊन, दुसरी छोटी मेल लावा: “5 नोव्हेंबर. कंपनी बदलली. आता एडिटची चावी माझ्याकडे आहे. 10 प्रोग्रामचा अंदाज आज 75 टक्के वाटतो.” मूळ आकडा खोडायचा नाही, नवा त्याच्या खाली जोडायचा. वर्षाने दोन्ही एकामागून एक वाचले की कोणत्या बातमीने तुमचं मत किती हललं, हेही दिसतं.

पत्र आलं त्या दिवशी

सुट्टीचा दिवस, साधारण तीन तास मोकळे. क्रम बदलू नका.

पत्र उघडण्याआधी कोरा कागद घ्या आणि आठवणीतून लिहा: गेल्या वर्षी माझा पगार किती होता, चाचणीला किती वेळ लागला होता, मी कोणते अंदाज किती टक्क्यांनी केले होते. दहा मिनिटं पुरतात. यासाठीच विषयाच्या ओळीत कोऱ्या कागदाची आठवण ठेवली. पत्र एकदा वाचलं की ही संधी गेली, कारण मग तुम्हाला सगळं “आठवतच होतं” असं वाटू लागतं.

त्यानंतर चाचणी, तीही पत्र वाचण्याआधीच. जोडलेलं ड्रॉइंग तेवढं उघडायचं, मजकूर नाही. म्हणून चाचणीची फाइल वेगळ्या मेलने अर्धा तास आधीची वेळ देऊन पाठवणं जास्त चांगलं. आधी जुन्या चुका वाचल्या तर त्या टाळल्या जातातच आणि प्रगती खोटी मोठी दिसते.

मग पत्र वाचा आणि कागदाशी ताडून बघा. समजा आपल्या मुलाच्या कागदावर आलं: “प्रोग्रामर पद मिळण्याची शक्यता मी 50 टक्के दिली होती आणि ते मिळालं नाही, म्हणजे वर्ष फुकट गेलं.” पत्रात आकडा होता 20. त्याची निराशा अशा अपेक्षेची होती जी त्याने कधी केलीच नव्हती. प्लेट त्याने 55 मिनिटांत, बिनचूक लिहिली. कंपनीत त्याचे चारच प्रोग्राम चालले, चारही तिसऱ्या पाळीला, दादांनी फोनवरून परवानगी दिल्यावर. पगार 22,000.

चार म्हणजे शून्य नाही आणि दहाही नाही. पत्रातली अट नेमकी बसली नाही. असं होणारच, आणि अशा वेळी अट वाकवून आपल्याला हवा तो निर्णय काढायचा मोह होतो. त्याने काय करावं? आधी मोजमापांकडे बघावं. कौशल्य आलं आहे, संधी अर्धवट आहे. गृहीत धरलेल्या दोन गोष्टींपैकी “दादा शिकवतील” ही खरी निघाली, “कंपनी आतला माणूस घेईल” याचा निकाल अजून लागलेला नाही. म्हणजे आता ती दुसरी गोष्टच तपासायची. साहेबांकडे जाऊन चार प्रोग्रामची यादी समोर ठेवायची, दिवसाच्या पाळीत एडिटची चावी मागायची आणि त्यांचं उत्तर तारखेनिशी लिहून ठेवायचं. ऑगस्टअखेर हो आलं नाही तर मुलाखती. क्लास मात्र नको, तो प्रश्न 55 मिनिटांनी सोडवला.

अंदाजांची बेरीजही करा, पण पहिल्या वर्षी तिच्यावरून काही ठरवू नका. पाच विधानांवरून तुम्ही फार आशावादी आहात की फार भित्रे, हे कळत नाही. तीन वर्षांनी पंधरा विधानं जमतील, तेव्हा ज्यांना 70 किंवा जास्त टक्के दिले होते त्यातली किती खरी निघाली ते बघा. निम्मीच निघाली असतील तर पुढच्या पत्रात आकडे खाली आणा.

पुढचं पत्र

उत्तर त्याच दिवशी लिहायचं, जुन्या पत्रालाच `Reply` करून, म्हणजे सगळी पत्रं एकाच धाग्यात राहतात. तिन्ही वर्षांची पत्रं आजच लिहून ठेवण्याची कल्पना आकर्षक वाटते, पण मी ती टाळायला सांगेन. दुसऱ्या वर्षीच्या पत्रात तुम्ही अशा माणसाशी बोलाल ज्याची नोकरी, पगार, मशीन यातलं काहीच तुम्हाला माहीत नाही, आणि ते पुन्हा शुभेच्छापत्र होऊन बसेल. एका वेळी एकच.

नव्या पत्रात चाचणी बदलायची का? जुनी चाचणी एका तासाच्या आत, बिनचूक होत असेल तर ती संपली असं समजा आणि नवी घ्या, पण या वर्षी दोन्हींचा निकाल नोंदवा. आपल्या मुलाची नवी चाचणी अशी: दोन बाजूंनी मशीन करायचा जॉब, दोन वेगळी वर्क ऑफसेट, म्हणजे जॉबचे दोन शून्यबिंदू, `G54` आणि `G55`, आणि पहिल्या बाजूचा संदर्भ धरून दुसरी बाजू लावायची. पहिल्याच प्रयत्नाला 4 तास 10 मिनिटं आणि पाच चुका. त्याने त्या ओळी लिहिल्या, साहेबांच्या उत्तराबद्दल 40 टक्के टाकले, आणि पुढच्या 12 जूनची तारीख देऊन `Schedule send` दाबलं.